नऊ नंबर

खाजणाच्या चिखलात सुटलेला एक बूट.

रोह्याचं गोदाम. छतापर्यंत खोके.

आज रात्री बारापर्यंत. काल रात्री बारापर्यंत. परवा रात्री बारापर्यंत.

बुटाच्या टोकात कोंबलेला फाटका परकर.

"घाई कर गो, तीनच राहिलेत म्हणं."

शेवटचं वाक्य चंद्रावतीआत्याचं, मंगळवारी सकाळी सोबतिणीला म्हटलेलं. सगळं त्या वाक्यापासून सुरू झालं. आत्या मिठागरात काम करते. पाऊस ओसरला की बांध दुरुस्तीला लागतात, आणि गमबूट लागतात ते तेव्हाच. श्रेयसशेठच्या हिशेबानं मात्र गमबूट म्हणजे पावसाळी माल. त्यांचं पेणला एक दुकान, रोह्याला एक. ऑक्टोबर आला की माल काढून टाकायचा. त्यांच्या दुकानांच्या इन्स्टाग्राम पोस्ट मी करते. मीच सेलच्या पाच स्लाइड केल्या होत्या:

गमबूट, निम्म्या किमतीत.
कोणत्या दुकानात, कोणत्या नंबरचे किती जोड. मोजणी सोमवार सकाळची.
सेल रविवार १२ ऑक्टोबर, संध्याकाळी सातपर्यंत.
का? सोमवारी गोदामात दिवाळीचा माल येतो. उरलेले बूट भिवंडीला परत जातात.
येण्याआधी फोन करा. तुमच्या नंबरचा जोड एक दिवस बाजूला ठेवू.

दुसरी स्लाइड रिकामी ठेवून मी आकडे मागितले. आकडे आलेच नाहीत. सोमवारी शेठनी परस्पर तीन स्लाइड उडवल्या आणि लाल रंगात टाकलं: फक्त ३ जोड उरले. आज रात्री बाराला ऑफर बंद. कोणतं दुकान, कोणता नंबर, काही नाही; आणि रोज तेच 'आज'. खाली चौकशीला माझा मोबाइल नंबर तसाच.

मंगळवारी आत्या अर्धा दिवस बुडवून पेणच्या दुकानात गेली. तिथल्या प्रविणनं सांगितलं, "माल रोह्याला हाय मावशी, तिकडंच जा." शेठचा हुकूमच तसा होता, आधी रोह्याचं गोदाम मोकळं करायचं. ती रोह्याला गेली. तिचा पाय पाच नंबरचा. खोके सगळे आठ, नऊ, दहाचे. "आज नाय घेतले तर नायच मिळायचे," असं कुणीतरी म्हणालं आणि तिनं नऊ नंबर घेतले. बुधवारी बांधावर, टोकात परकर कोंबूनही, बूट चिखलात राहिला, पाय वर आला आणि ती आडवी झाली. मनगट सुजलं.

गुरुवारी मी ते बूट घेऊन रोह्याच्या दुकानात गेले आणि काउंटरवर ठेवले. चिखलासकट.

"सेलचा माल परत नाही," शेठ म्हणाले.

"तीन जोड उरलेत ना? मग मागे काय, भिंत रचलीय?"

"अगं, असं लिहिल्याशिवाय गिऱ्हाईक हलत नाही. थोडा मसाला लागतोच."

"हलतं. बांधावर आडवं पडेपर्यंत हलतं."

"मी काय तिला नऊ नंबर घ्या म्हटलं?"

"पाच नाहीत, हे तरी कुठं म्हटलंत? माझा फोन आहे खाली. गाव मला विचारतंय."

"नंबर काढून टाकतो तुझा."

"मी पोस्ट काढते."

पासवर्ड माझ्याकडं होता. टाकलेल्या पोस्टमधलं चित्र बदलता येत नाही, म्हणून अख्खी पोस्ट उडवली. लाइक गेले, खालच्या कमेंट गेल्या. शेठ ओरडले, नऊशे लाइक होते. मी म्हटलं, "मोजता येतात म्हणजे तुम्हाला. आता बूट मोजा."

ते हलले नाहीत. मग मीच एकेक खोका खाली ओढायला लागले, धाडधाड, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना. त्यातला एक कंपनीच्या शिफ्टवरून आलेला. तो म्हणाला, "दहा नंबर हाय का? मी रोज बघतोय तीनच, तीनच. म्हटलं, फेकतायत."

शेठनी त्याच्याकडं पाहिलं. मग बाही वर केली.

रोहा: आठ नंबर बावीस, नऊ एकतीस, दहा चौदा. दहाचा एक लगेच गेला, तेरा. पेणला फोन लावला. प्रविणनं मोजून सांगितलं: सहा नंबर चार, सात नंबर नऊ.

"पाच?" मी विचारलं.

"नाय. शेवटचे दोन काल संपले."

मी लिहिलं, पाच नंबर: दोन्ही दुकानांत शिल्लक नाही.

"नाही त्याची जाहिरात कोण करतं?" शेठ म्हणाले.

"ज्याला कुणाला एसटीचा फुकट हेलपाटा घालायला लावायचा नसतो, तो."

मोजणी गुरुवार दुपारची, आकडे रोज कॅप्शनमध्ये बदलू, रविवारी सातनंतर सेल नाही: सगळं घालून पाच स्लाइड टाकल्या. शेठनी आत्याचे बूट परत घेतले. माफी मागितली नाही. मला म्हणाले, रविवारनंतर येऊ नकोस. मी म्हटलं, रविवारपर्यंत आकडे मीच बदलणार. शेवटची तारीख पुढं ढकललीत तर तेही लिहीन.

घरी आत्या सुजल्या मनगटावर हळद लावून बसली होती. मी तिला स्लाइड दाखवली. तिनं पाचची ओळ दोनदा वाचली.

"हे सोमवारी का नाय टाकलं गो?"

मला ओरडायचं होतं, आणि समोर तीच होती.

मंगळवारी सकाळी आत्या पेणच्या दुकानात उभी होती तेव्हा पाच नंबरचे दोन जोड तिच्या पाठीमागच्या कपाटात होते.