नव्वद दिवसांपलीकडची तीन नावं

वसुलीबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या त्या कारखान्यात एकोणीस वर्षं थकलेल्या बिलांमागे फोन करता करता ते तिला चिकटलं. सासूबाई घरी टोमणा मारायच्या, की जगाकडून लाखांनी वसूल करतेस आणि शेजारणीने नेलेली शिडी काही तुझ्याच्याने परत येत नाही. खरं होतं ते. शेजारणीला बिल दिलेलं नसतं ना.

दर महिन्याच्या पाच तारखेला थकबाकीचा रिपोर्ट निघायचा. कोणाकडे किती येणं आहे आणि मुदत टळून किती दिवस झाले, हे रकान्यांत मांडलेलं. तीस दिवसांपर्यंत, साठपर्यंत, नव्वदपर्यंत, आणि शेवटचा रकाना नव्वदच्या पलीकडचा. त्या शेवटच्या रकान्यात गेलेला पैसा म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा. बँकसुद्धा तो धरत नाही. येण्यावर जे कर्ज मिळतं, त्याच्या हिशेबातून नव्वद दिवसांपुढचं सरळ वगळतात.

कधीकाळी एक सल्लागार तीन दिवस चहा पिऊन, मोठं बिल लावून गेला होता. जाताना सांगून गेला, की दर महिन्याला तीन नावं निवडा, त्यांचा माल रोखा आणि वकिलाची नोटीस धाडा. मालकांनी तेवढं एकच वाक्य गाठीला बांधलं. मग काय, दोन नकोत, चार नकोत, तीनच. वकिलालाही त्यांनी वर्षाच्या छत्तीस नोटिसांचे पैसे एकरकमी देऊन टाकले होते, घासाघीस करून. आता दिलेला पैसा वाया कसा घालवायचा?

या खेपेला तिसरं नाव साबणवालीचं होतं. घराच्या मागच्या खोलीत साबण करून विकणारी बाई. अठ्ठावीस हजार, सत्त्याण्णव दिवस. आदल्या दिवशीच सेल्स मॅनेजरने यादी केली आणि तिचा माल रोखला. आणि सकाळी साबणवालीचा फोन आला. मोठ्या दुकानाची पहिली ऑर्डर होती, गुरुवारी माल पोचवायचा होता, साबण तयार होते आणि सहाशे खोकी गोदामात अडकली होती. ती भांडली नाही. पैसे तर मी कधीच भरलेत हो, एवढंच परत परत म्हणत राहिली. गुरुवार चुकला तर दुकानवाला पुन्हा दारात उभं करणार नव्हता.

वसुलीबाईने तिचं खातं उघडलं. अठ्ठावीस हजार खरंच जमा होते, दोन महिन्यांपूर्वीच. बिल नंबर न लिहिता आलेली रक्कम कोणत्याही बिलाला न जुळवता 'खात्यावर जमा' म्हणून बाजूला टाकायची इथली रीत. म्हणून बिल उघडंच राहिलं, दिवस मोजत बसलं, आणि जमा रक्कम रिपोर्टच्या उजव्या कडेला वजा चिन्ह लावून उभी राहिली. तिकडे कोण बघतं? नोंद कोणी केली ते पाहिलं तर नाव तिचंच. एकोणीस वर्षांचा अनुभव गेला चुलीत, असं तिला वाटलं. शरमेने तिचे कान तापले.

तिने रक्कम बिलाला जुळवली आणि खातं शून्य केलं. पण एकदा रोखलेला माल सोडायला मालकांची किंवा मालकीणबाईंची सही लागायची. मालकीणबाई कागदोपत्री भागीदार होत्या आणि बँकेला जाणाऱ्या येण्याच्या तक्त्यावर सही करायला सहा तारखेला यायच्या. त्या दिवशीही मालकांशेजारी येऊन बसल्या होत्या.

तिने चूक कबूल केली, माफी मागितली, सुटकेचा कागद पुढे केला. मालकांनी तो बाजूला सारला. चूक होते, माणूसच आहे, असं ते मोठ्या मनाने म्हणाले. पण साबणवालीला काढायचं तर तिच्या जागी कोण? नव्वदच्या पुढे तिसरं नाव दाखव, मी सही करतो.

नव्वदच्या पुढे तिसरं कोणी नव्हतंच. ती जागेवर येऊन रिपोर्टकडे बघत बसली. मग तिची नजर पहिल्या रकान्यात गेली. पंखेवाले. एकतीस लाख. पंख्यांचा कारखाना मालकांच्या साडूंचा. त्यांची बिलं दर महिन्याला जेमतेम मुदत टळलेली, कोवळी. त्यांना फोन करायचा नाही, ते मी बघतो, असं मालकांनी बजावलेलं. पण वर्षभर ज्याने दमडी दिली नाही, त्याची बिलं म्हातारी कशी होत नाहीत? हा प्रश्न आपल्याला आजवर पडला कसा नाही, याचाच तिला राग आला.

तिने तोच रिपोर्ट बिलाच्या तारखेऐवजी माल पोचल्याच्या चलनाच्या तारखेने काढला. दर महिन्याच्या अखेरीस सेल्स मॅनेजर जुनं बिल रद्द करून त्याच मालाचं नवं बिल काढत होता. नव्या तारखेचं, नवी मुदत घेऊन. माल मात्र एकदाच गेला होता, चारशे बारा दिवसांपूर्वी.

तिने कागद नेऊन मालकांच्या टेबलावर ठेवला. "हे तिसरं नाव," ती म्हणाली.

दाराशी उभ्या असलेल्या सेल्स मॅनेजरला एकाएकी फोन आला आणि तो बाहेर पळाला. मालकांनी आवाज खाली आणला. हे नव्वदपार दाखवलं तर बँक कर्ज कापेल, कागदाचे रीळ घ्यायला पैसे उरणार नाहीत, मग तुझा पगार कुठून द्यायचा, असं सगळं समजावलं. शेवटी म्हणाले, "साबणवाली राहू दे यादीत. सहाशे खोक्यांनी काय जग बुडतंय?"

"तिचं बुडतंय," वसुलीबाई म्हणाली. नोकरी गेली असं तिने मनाशी धरूनही टाकलं होतं.

मालकीणबाईंनी कागद ओढून घेतला. एकतीस लाख वाचल्यावर त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्यांची धाकटी बहीण मागच्याच आठवड्यात नव्या गाडीतून येऊन गेली होती. मालक नको नको म्हणत असताना त्यांनी फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. माझ्या घरचे पैसे बुडवून गाड्या उडवता का, म्हणून बहिणीला फैलावर घेतलं.

 मग बहीण म्हणाली, "अगं अक्का, पैसे तर हे दर महिन्याला देतात. रोख. भाऊजी स्वतः येऊन घेऊन जातात. पावती मागितली तर म्हणतात, घरच्या माणसाला कसली पावती."

मालक खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर भिंत होती.

मालकीणबाईंनी फोन ठेवला.  बँकेचा तक्ता सही न करता उलटा घालून ठेवला, साबणवालीच्या सुटकेच्या कागदावर सही केली आणि आजच गाडी भरायला सांगितली. वसुलीबाई उठली, तशी त्यांनी तिला थांबवलं.

"यादी पुरी करून जा. पंखेवाल्यांचं नाव खोड आणि यांचं लिही."

वसुलीबाईने मालकांकडे पाहिलं. ते अजून भिंतीकडेच बघत होते. तिने पेन उघडलं, एकतीस लाखांपुढे नाव लिहिलं आणि नोटीस कोणत्या पत्त्यावर धाडायची ते विचारलं.

"घरच्या," मालकीणबाई म्हणाल्या. "पोस्टमन आला की मीच सही करून घेईन."