आरोहीची रिकामी चौकट

दादरच्या कबुतरखान्याजवळ, साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मृणालिनीताईंचं व्हिसाचं ऑफिस आहे. त्या दिवशी त्यांनी टेबलावर यादी पसरली आणि पेन्सिल हातात घेतली. समोर अपेक्षा आणि तिची नववीतली मुलगी आरोही बसली होती. पाच वर्षांचा शंतनु खुर्चीवर उभा राहून पंख्याकडे बघत होता.

अपेक्षाचा दुसरा नवरा अवधूत दुबईत एका हॉटेलच्या एसी विभागात सुपरवायझर होता. कंपनीने आता त्याला कुटुंबासाठी घर दिलं होतं. इतकी वर्षं अपेक्षा दोन्ही मुलांना घेऊन लालबागला भावाकडे राहत होती. आता तिघांनी जायचं होतं. आरोही पहिल्या लग्नाची, शंतनु अवधूतचा.

यादीत प्रत्येकाच्या नावाचा वेगळा रकाना होता आणि कागद ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने मांडलेले होते. पासपोर्ट, फोटो, मग दाखले. प्रत्येकापुढे मूळ प्रत आली का, साक्षांकन कुठवर पोचलं, झेरॉक्स किती.

"तुमचा लग्नाचा दाखला मंत्रालयातून झाला, परराष्ट्र खात्याचा शिक्का झाला, वकिलातीचाही झाला," ताई टिक करत म्हणाल्या. "घटस्फोटाचा हुकूमनामाही झाला. दोघांचे जन्मदाखले झाले."

"मी झेरॉक्स आणल्यात, ताई."

ताईंनी त्या उलटून पाहिल्या. "ह्या शिक्क्यांच्या आधीच्या आहेत. शिक्के पाठीमागे पडतात ना, म्हणून दोन्ही बाजूंच्या नव्याने काढा, रंगीत. आणि शंतनुचा फोटो परत लागेल. डोळे अर्धे मिटलेत."

"मी मिटले नव्हते," शंतनु म्हणाला. आरोही हसली.

आरोहीच्या रकान्यातली एकच चौकट कोरी होती. ताईंनी पेन्सिल तिच्यावर ठेवली.

"सख्ख्या वडिलांचं ना-हरकत पत्र. नोटरीसमोर सही केलेलं. त्यानंतर तेही बाकीच्यांसारखंच शिक्क्यांना जाईल."

"पण कोर्टाने ताबा मला दिलाय. हुकूमनाम्यात लिहिलंय."

"माहितीये. मी अवधूतरावांच्या कंपनीत त्या कामाच्या माणसाला विचारलं. सावत्र वडील व्हिसाचे प्रायोजक असतील तर तिथे हे पत्र लागतंच, म्हणाला." ताईंनी चष्मा काढला. "सही देतील ना ते?"

"देतील," अपेक्षा म्हणाली. तिचा पहिला नवरा हितेंद्र वाईट माणूस नव्हता. दोघांचं पटलं नाही, एवढंच. दर वाढदिवसाला तो आरोहीला फोन करायचा. यंदा मात्र आला नव्हता आणि तो विसरला असेल, असं अपेक्षाने धरलं होतं.

फोन लागेना म्हणून ती आरोहीला घेऊन शिवडीला गेली. गोदामांच्या मागच्या चाळीत हितेंद्रची आई, मीराबाई, दारातच मासे साफ करत बसली होती. अपेक्षाला पाहून तिचे हात थांबले.

"येवा," ती म्हणाली, जणू पाहुण्याला. मग आरोहीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "केवढी झालंस गो तू!"

आत खाटेवर हितेंद्र बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता. तोंड एका बाजूला ओघळलेलं. त्याने मुलीकडे पाहिलं आणि हसला.

"अटॅक इलो डोक्याक," मीराबाई मागून म्हणाली. "गणपतीच्या आधी."

"आई, कळवायचं तरी," अपेक्षा म्हणाली.

"कोणाक कळवतलंय? तू तुझ्या घरात. आमका कोण इचारता?" तिने पदराने डोळे पुसले. "आयकता तो. पण समजता काय, देवाक म्हायत."

आरोही खाटेजवळ गेली. "पप्पा."

"हो," हितेंद्र म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मृणालिनीताईंच्या ओळखीचे रामदास वकील नोटरीची वही आणि शिक्के घेऊन शिवडीला आले. अपेक्षाने पत्र टाईप करून आणलं होतं. वकिलांनी ते मराठीत सावकाश वाचून दाखवलं आणि खाटेसमोर स्टूल ओढून बसले.

"तुमचं नाव काय?"

"हो."

"ही कोण?"

हितेंद्रने आरोहीकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला.

"हिने आईबरोबर दुबईला जावं, असं तुम्हाला वाटतं?"

"हो."

अपेक्षाने श्वास सोडला. पण वकील थांबले नाहीत. "की हिने जाऊ नये?"

"हो."

हितेंद्र एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होता. आपलं काहीतरी चुकलं, एवढं त्याला कळलं असावं. मीराबाई पटकन पुढे आली, तिने त्याचा लुळा हात धरला आणि अंगठा शाईच्या पॅडकडे नेला.

"अंगठो घेवा. पोरीचा भला होतला. मी सांगतंय ना, माझो झील तो!"

वकिलांनी पॅड हळूच मागे ओढलं. "आई, अंगठा उठेल. पण यांना समजलंय असं मी कसं लिहू?"

"मग कुणी करायची सही?" अपेक्षाचा आवाज चढला. "ते गेले असते तर मृत्यूचा दाखला चालला असता ना? जिवंत आहेत म्हणून चालत नाही?"

म्हटल्यावर तिलाच ते शब्द नकोसे झाले. मीराबाई ऐकत होती. हितेंद्रही.

"त्यांचा पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागेल," वकील बॅग आवरत म्हणाले. "डॉक्टरांचे दाखले, तपासणी. महिने जातात. आणि तो पालक अशी संमती देऊ शकेल का, हाही प्रश्न आहे. खोटी आशा नाही लावत."

त्या संध्याकाळी अवधूतचा फोन आला. तो म्हणाला, "मी इथे सगळ्यांना विचारलं. कंपनीतल्या साहेबालाही. सगळे एकच सांगतात, त्या पत्राशिवाय होणार नाही." मग, "घर आत्ता घेतलं नाही तर दुसऱ्याला देतील. तू आणि शंतनु या. आरोहीचं… मी सोडणार नाही गं."

"तिला सोडून येऊ?"

"मी तसं म्हणालो का?"

अपेक्षाने फोन ठेवला आणि जेवणाची ताटं मांडायला घेतली.

विषय काढला तो आरोहीने. जेवताना, ताटाकडे बघत. "दहावी इथेच करेन. मामा आहे, मामी आहे. आणि शनिवारी शिवडीला जात जाईन. आजी एकटीच पप्पांना उठवते-बसवते."

"तू नाही ठरवायचंस हे."

"मग कोण ठरवणार, मम्मी?"

अपेक्षाने भाताचा घास उचलला आणि तसाच ताटात ठेवला.

मृणालिनीताईंनी यादी पुन्हा छापली. या वेळी तिच्यात दोनच नावं होती. आरोहीचे कागद त्यांनी वेगळ्या पाकिटात घातले. शिक्क्यांचा जन्मदाखला, पासपोर्ट, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो. एवढा वेळ घालवून पूर्ण केलेलं सगळं.

"सुट्टीत हिला भेटीच्या व्हिसावर नेता येईल," त्या म्हणाल्या. "त्याला हे पत्र मागत नाहीत शक्यतो. मात्र मुदत संपली की परत यायचं." मग म्हणाल्या, "मला एवढंच करता येतंय."

अपेक्षाने मान हलवली. दोन अर्जांवर सह्या केल्या, शंतनुच्या अर्जावर पालक म्हणून. आरोहीचं पाकीट तिने पर्समध्ये ठेवलं, पण ते आत बसेना. कोपरा बाहेर राहिला.

खाली रस्त्यावर फुलवाल्यांचा गलका चालला होता. आरोहीने शंतनुचा हात धरला आणि गर्दीतून वाट काढत दोघं पुढे चालू लागली. अपेक्षा मागून येत होती. सिग्नलला थांबल्यावर आरोहीने वळून विचारलं, "मम्मी, मे महिन्यात तिकडे किती गरम असतं गं?"

"खूप," अपेक्षा म्हणाली. सिग्नल सुटला, तिने पाकिटाचा कोपरा हाताने झाकला आणि मुलांच्या मागे रस्ता ओलांडला.