श्रावण घालून केलेली चूक

विश्वजीतनं मोबाइल पुढं धरला तेव्हा फहमिदाआपा एका पैठणीला फॉल लावत होत्या. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या गल्लीतल्या चाळीस घरांत हळदीचं गाणं, डोहाळजेवणाचं गाणं, जे लागेल ते त्याच लिहून द्यायच्या. शिकवलं कुणी नव्हतं. वीस वर्षं मशीन चालवताना शेजारी रेडिओ चालू होता, एवढीच त्यांची शाळा.

"आपा, मी गाणं करून पाठवलं प्रेरणाला. तिचं उत्तर बघा."

प्रेरणा त्याची बायको. दोन आठवड्यांपूर्वी रुसून पाचोडला, माहेरी गेलेली. उत्तरात एकच ओळ होती : 'बरं. मग श्रावणभर आईकडंच राहते.'

"मी ये म्हणालो आणि ही राहते म्हणते," विश्वजीत म्हणाला. "श्रावण परवा लागतोय. महिनाभर मी काय करू?"

"आधी गाणं म्हण."

त्यानं खाली मान घालून म्हटलं :

*श्रावण आला गं सखे, हिरवं झालं रान,*
*दारी शरदाचं चांदणं, तुझी येते आठवण.*

आपांनी दोरा दातानं तोडला. हसू दाबायला तेवढंच निमित्त. "श्रावण कशाला घातलास रे?"

"विरहाला सावनच लागतो ना? सगळ्या गाण्यांत असतो."

"हिंदीतल्या. त्यांचा सावन आपल्या आषाढातच लागतो, पंधरा दिवस आधी. त्यांच्याकडं त्यात बाई झुरते. आपल्या गाण्यात श्रावण आला की बाई खूश असते, बाबा. घडीत ऊन, घडीत सर, झाडाला झोका, आणि पंचमीला भाऊ न्यायला येतो. कुठं न्यायला?"

विश्वजीत म्हणाला, "माहेरी."

"व्हय. सासरच्या माणसानं श्रावण आला म्हणणं म्हंजे पोरीला पिशवी भरून देणं. ती तर आधीच तिथं बसलीय. तिला वाटलं, नवरा समजूतदार झाला."

"आणि चांदणं?"

"ते तर लईच भारी. शरदाचं चांदणं म्हंजे पाऊस संपला, आभाळ धुऊन निघालं, जीव निवांत. दोघं जवळ असताना म्हणायचं ते. तू एकटा असून म्हणालास. म्हंजे बायको गेली, घरात गारवा आला."

विश्वजीतनं कपाळ धरलं. मग त्याला सुचलं. "वैशाख घालू? वणवा, होरपळ?"

"कोण होरपळलं? डबा लावल्यापासून गाल वर आलेत तुझे."

"शिशिर? पानगळ?"

"ती थकलेल्याची. आता कुणी येणार नाही, हे कळून चुकलेल्याची. तीन वर्षांच्या लग्नाला पानगळ लावतो का कुणी?" आपांनी साडी बाजूला सारली. "भांडण कसं झालं, ते सांग. तुझा राग मला माहीत आहे, वळवाचा. आला, कडाडला, पत्रे उडवून गेला. वर तूच विचारणार, चहा आहे का. तिची मात्र झड लागते. आवाज नाही, आठ-आठ दिवस उघडत नाही. काय केलंस?"

तो फॉलच्या पट्टीकडं बघत म्हणाला, "ती रोज संध्याकाळी गायची. स्वयंपाक करता करता. त्या दिवशी मी कानाला हेडफोन लावला. तिच्यासमोरच."

आपांनी एरवी इथं एखादा टोला हाणला असता. या वेळी त्यांनी मशीनच्या खणातून वही काढली.

"तुझा आषाढ आहे. काळं आभाळ माथ्यावर येऊन थांबलेलं, माणूस लांब, आणि घशात काहीतरी अडकलेलं. आपल्या मराठवाड्यात तर तो नुसता दाटतो, बरसतच नाही. म्हणून त्यात अडकलेलं बोलावं लागतं. पहिली ओळ मी देते. मधली तुझी. हेडफोनची."

"गाण्यात हेडफोन?"

"नाव घेऊ नको. कबूल कर."

तासाभरात एवढं झालं :

*आषाढाचं आभाळ दाटलं, बरसंना की जाईना,*
*तू गात होतीस घरात, मीच कान देईना,*
*आता घर गप्प झालं, ते बी मला सोसंना.*

त्यानं तिथंच रेकॉर्ड करून पाठवलं. सूर कुठल्या कुठं गेला होता. आपांनी दुसरा टेक मागितला नाही.

चहा होईपर्यंत उत्तर आलं. 'पहिली ओळ आपांची आहे, मला कळतं. मधली तुझी आहे. आषाढ दोनच दिवस उरलाय. त्यात यायचं तर ये.'

विश्वजीतनं ते तीनदा वाचलं. "आपा, म्हणजे राग गेला?"

"झड एवढ्यात उघडत नसते. पण बोलावलंय ना."

तो चपला घालता घालता थांबला. "तिथं गेल्यावर हेच गाणं म्हणू का? सगळ्यांसमोर?"

"तिथं तू गाऊ नको, बाबा," आपा म्हणाल्या. "तिला गा म्हण, आणि शेवटपर्यंत ऐकत बस."