चार तास गरम

आत्याच्या शिवणखोलीत सदतीस पिशव्या होत्या. एकवीस गव्हाच्या, अकरा जवसाच्या आणि पाच नुसत्याच शिवलेल्या, पोट रिकामं, तोंड उघडं. भाचीने त्या दोनदा मोजल्या, कारण वेबसाइटवर शिल्लक माल तेवढाच दाखवत होता आणि त्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘हे उत्पादन ग्राहकांना दिसत नाही.’

“दिसत नाही म्हणजे? एवढा ढीग पडलाय डोळ्यांसमोर,” मशीनवरून मान न उचलता आत्या म्हणाली.

“आपल्याला दिसतो गं. गिऱ्हाइकाला दिसत नाही. वेबसाइटवाल्यांनी आपलं लिस्टिंग, म्हणजे विक्रीचं पान, नाकारलंय.”

धान्य भरलेली कापडी पिशवी, मायक्रोवेव्हमध्ये तापवायची आणि दुखऱ्या मानेवर, पाठीवर ठेवायची, एवढाच आत्याचा धंदा. आत्याचे यजमान, म्हणजे काका, गेल्यापासून घर त्याच्यावरच चालत होतं. पिशव्या ती शिवायची आणि लिस्टिंगचा मजकूरही तिचाच. प्रयोगशाळेत नोकरीला असलेल्या भाचीने तो फक्त वेबसाइटवर चढवला होता. भाची लहानपणापासून दिसेल ते मोजायची म्हणून आत्या तिला मोजपट्टी म्हणायची.

“वाच बघू मोजपट्टी, कुठं पोटात दुखलं त्यांच्या.”

भाचीने वाचलं. “‘जगातील सर्वोत्तम’ चालत नाही. ‘नंबर एक’ चालत नाही. ‘संधिवात कायमचा बरा’ तर मुळीच नाही. आजाराचं नाव घेतलं की ते औषध ठरतं आणि औषध विकायला परवाना लागतो.”

“सर्वोत्तम काढ. ते मी आपलं सगळे लिहितात म्हणून लिहिलं होतं. संधिवातही काढ. पुढे?”

“‘चार तास गरम राहते.’ याला पुरावा मागितलाय. चाचणीचा अहवाल असेल तर द्या, नाहीतर वाक्य काढा.”

मशीन थांबलं.

“ते नाही काढायचं,” आत्या म्हणाली. “ते ह्यांचं आहे.”

भाचीला ठाऊक होतं. काकांच्या मणक्यात आजार शिरला तेव्हा पहिली पिशवी आत्याने त्यांच्या जुन्या सदऱ्याच्या कापडाची शिवली होती. झोपताना ती तापवून पाठीला लावायची आणि मध्येच जाग आली की विचारायची, “गार झाली का हो? पुन्हा तापवू?” काका म्हणायचे, “अजून गरम आहे. झोप तू.” आत्याने घड्याळ पाहिलं होतं. चार तास तिथून आले होते.

भाचीने आक्षेप घेतलेलं बाकीचं सगळं काढलं, ते एक वाक्य मात्र तात्पुरतं बाजूला ठेवलं आणि मजकूर पुन्हा पाठवला. दुसऱ्या दिवशी तो तसाच परत आला. कारण तेच : आजाराचा उल्लेख. तिने प्रत्येक ओळ तपासली. संधिवात कुठेच नव्हता. मग तिच्या लक्षात आलं आणि कान गरम झाले. गिऱ्हाइकाला न दिसणारा, फक्त शोधयंत्रासाठी असलेला शब्दांचा एक रकाना असतो. लोक शोधतात म्हणून त्यात ‘संधिवात’, ‘मणक्याचा आजार’, ‘सायटिका’ हे शब्द तिनेच भरले होते. तपासणी तिथेही होते.

“म्हणजे चोर घरातलाच निघाला,” आत्या म्हणाली. “आणि मला इतका वेळ वाटत होतं, माझंच लिहिणं वाईट.”

“तुझंही होतंच की.”

“बरं बरं. आता ते चार तासांचं बघ. अहवाल हवाय ना? मग तू कशाला शिकलीस?”

भाचीने प्रयोगशाळेतून दोन तारांचा थर्मामीटर मागून आणला. गव्हाची पिशवी तापवली, एक तार पिशवी आणि अभ्र्याच्या मध्ये सरकवली, दुसरी खोलीच्या हवेत सोडली आणि पिशवी टेबलावर ठेवली. सुरुवातीला चौपन्न अंश. अर्ध्या तासाने सेहेचाळीस. तासाने चाळीस. दोन तासांनी तेहेतीस. आत्या शिवत होती, पण दर वेळी आकडा लिहिला जाताना तिचा पाय मशीनच्या पायट्यावर अडखळत होता. चार तासांनी पिशवी अठ्ठावीसवर आली होती. खोली होती सव्वीस.

आत्याने उठून पिशवीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

“ही तर गार आहे.”

“हो.”

“मग हे रोज खोटं बोलत होते.” ती विचारत नव्हती. “दुखत असणार. मला उठवायचं नाही म्हणून पडून राहत असणार. आणि मी बया झोपत होते. वर ते चार तास छापून विकलेसुद्धा.”

भाचीला धीराचं एक वाक्य सुचलं, पण त्याला तिच्याकडेही पुरावा नव्हता. तिने मजकूर नवा लिहिला : ‘सुती अभ्र्याची, गव्हाने भरलेली पिशवी. सूचनेप्रमाणे तापवून टेबलावर ठेवल्यास, खोलीचे तापमान २६ अंश असताना, तासाभराने ४० अंश. मान, खांदे व पाठीला ऊब देण्यासाठी. झोपेत वापरू नये.’ सोबत आकड्यांचा तक्ता जोडला. तिने तो आत्याला वाचून दाखवला.

“पाठव,” आत्या म्हणाली. त्या दिवशी मशीन पुन्हा चाललं नाही.

सकाळी भाची तारा गुंडाळत होती. आत्या दारात येऊन उभी राहिली.

“टेबलाला पाठ असते का गं?”

“काय?”

“तू टेबलावर मोजलंस. मी टेबलावर नव्हती ठेवली. ह्यांच्या पाठीला लावून वर दोन गोधड्या घालत होते.”

भाचीच्या हातातली तार तशीच राहिली. माणसाचं अंग गार टेबल नव्हे, ते स्वतःही ऊब देतं. एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात यायला हवी होती. “पण हे लिस्टिंगमध्ये घालता येणार नाही,” ती म्हणाली. “झोपेत वापरू नका म्हणून आपणच लिहिलंय. भाजण्याची भीती असते.”

“लिस्टिंगसाठी कोण म्हणतंय? लाव तारा.”

खोली बंद केली. आत्या पलंगावर पालथी झाली. भाचीने पाठीच्या डाव्या बाजूला पिशवी ठेवली, मध्ये अभ्रा, पिशवी आणि अभ्र्याच्या मध्ये एक तार. दुसरी तार उजव्या बाजूला, नुसत्या पाठीवर चिकटवली. वर दोन गोधड्या घातल्या. सुरुवातीचा आकडा बावन्न. ती शेजारीच बसून राहिली, मधूनमधून “भाजतंय का?” विचारत.

“नाही भाजत. तू काय माझी सासू आहेस?” आणि मग उशीत तोंड खुपसूनच : “हे कधी एका कुशीवर राहायचे नाहीत. पिशवी असली की राहायचे.”

तीन तास होऊन गेले तेव्हा फोन वाजला. भाचीने पाहिलं. “आत्या, मंजूर झालं. लिस्टिंग दिसायला लागलं. सदतीस नाही, एकवीसच टाकल्यात, गव्हाच्या तेवढ्या.”

“असू दे. तू घड्याळ बघ.”

बाहेर कोणीतरी सायकल ओढत नेली. वेळ झाली तशी भाचीने आत हात न घालता, गोधडी न हलवता, आधी आकडे पाहिले. मग आत्याला विचारलं, “कशी लागतेय?”

“सांगत नाही. तू वाच.”

तिने वाचलं. चार तासांनी : पिशवी ३४.८, पाठ ३४.८.