पहिले तीस दिवस फक्त ऐकायचं

मुलाखतीत कोरीन वासेकने जो आराखडा दाखवला, त्यावरच तिला ती नोकरी मिळाली. पहिले तीस दिवस फक्त ऐकायचं, काहीही बदलायचं नाही. साठाव्या दिवसापर्यंत छोट्या सुधारणा सुचवायच्या. नव्वदाव्या दिवसापासून विभागाचा निकाल आपल्या नावावर. अमेरिकेतल्या सिडर रॅपिड्स शहरातली विमा कंपनी, गारपिटीच्या नुकसानीचे दावे तपासणारा, तिला धरून अकरा माणसांचा विभाग, आणि त्याची प्रमुख ती. वर्षभर घरी बसलेल्या बाईला आणखी काय हवं! नवऱ्याच्या औषधपाण्याचा विमाही याच नोकरीवर होता.

ती एकेकाला आत बोलवायची, दार लोटायची आणि सांगायची, "इथलं बोलणं इथेच राहील. मी कुणाला जोखायला बसलेली नाही." खोटं बोलत नव्हती बरं का. मनापासून म्हणत होती.

वेंडेल ह्रुस्का आला तो बाहेरून दोन कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, घेऊनच. एकसष्ट वर्षांचा, विभागातला सगळ्यात जुना माणूस.

"घे, खसखशीचा आहे. नव्या साहेबांना लाच!"

"तुम्ही सगळ्याच साहेबांना देता का हो?"

"नाही गं. आधीचा गोड खात नव्हता. म्हणून तर टिकला नाही."

दोघं हसली. मग तिने विचारलं, काम कसं चाललंय, काही अडतंय का. वेंडेलने हातातला पाव खाली ठेवला.

"बायको गेल्यापासून, अर्लीन गेल्यापासून, माझं डोकं ठिकाणावर नसतं," तो म्हणाला. "दुपारनंतर आकडे चुकतात. डेनीस माझे कागद पुन्हा तपासून मगच पुढे पाठवते. बिचारी स्वतःचं काम सांभाळून करते. दोन वर्षांत कुणी विचारलंच नाही, म्हणून बोललो नाही."

"बरं केलंत सांगितलंत," कोरीन म्हणाली. दुपारचं काम हलकं करता येईल, साठ दिवसांच्या सुधारणांत बसवू, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

तिसाव्या दिवशी तिचा वरिष्ठ, थॅड लिंडक्विस्ट, आराखडा चाळत बसला. खूश होता.

"झकास! आता दुसऱ्या टप्प्यात एक गोष्ट घाल. एक जागा कमी करायचीय."

"हे कधी ठरलं?"

"तू येण्याआधीच. पण नवीन माणसाने विभाग समजून घेऊन नाव दिलं तर बरं दिसतं. तू तर सगळ्यांशी बोलली आहेस. तुझ्याइतकं कोण ओळखतं त्यांना?"

"मी त्यांना शब्द दिलाय, थॅड."

"शब्द मोडू नकोस ना. आकड्यांवरून निवड. कपातीचे निकष मनुष्यबळ विभाग तपासतोच." मग आराखडा मिटत तो म्हणाला, "आणि हे बघ, नव्वद दिवस तुझीही परीक्षा चालू आहे."

आकडे काढले, तर तळाचे तिघं एकोणीस-वीस. त्यांत वेंडेल होता, नुकतीच आई झालेली लेसी होती, आणि नवीनच लागलेला एक तरुण होता. तिघांतलं कुणीही चाललं असतं. आठवडाभर तिने स्वतःला फसवलं, आकडेच ठरवतील म्हणत राहिली. आकडे कशाला ठरवताहेत! तिला माहीत होतं की वेंडेलच्या आकड्यांमागे डेनीसचा हात आहे, आणि बाकी दोघांच्या मागे कुणी नाही. त्याने स्वतःहून सांगितलेलं तेवढंच पारडं खाली घेऊन गेलं. कागदावर वेंडेलच्या नावापुढे तिने दुसरंच कारण लिहिलं, चांगल्या भाषेत, आणि ते मंजूर झालं.

शुक्रवारी वेंडेल खोकं भरत होता. डेनीस रडत होती आणि कोरीनकडे बघत नव्हती. कोरीनला आत बसवेना. ती त्याच्या मागोमाग गाडीपर्यंत गेली.

"नाव मी दिलं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं नसतं तर कदाचित दिलं नसतं."

वेंडेलने खोकं गाडीच्या टपावर ठेवलं. "त्या दिवशी माझं ऐकत होतीस, तेव्हा हे माहीत होतं तुला?"

"नाही. शपथेवर नाही."

"मग बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे ते ऐकणं तरी खरं होतं. मला आत्तापर्यंत तेवढंच कळत नव्हतं, ते खरं होतं की खोटं."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. कोरीनला तोंड वर करून बघता येईना. त्याने खोकं आत ठेवलं, दार लावलं आणि गाडी हळू मागे घेतली.

सोमवारी दुसऱ्या टप्प्याच्या भेटी सुरू झाल्या. पहिली डेनीस आली, खुर्चीच्या टोकावर बसली.

"काही अडतंय का?" कोरीनने विचारलं.

"नाही," डेनीस म्हणाली. "सगळं छान चाललंय." तिच्यानंतर आलेल्या आठही जणांनी तेच सांगितलं.