कवळीला गेलेला तडा

माझ्याशी खोटं बोलायला येणारी माणसं एक गोष्ट विसरतात. खोटं बोलायलाही तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की पुढचं मी बघून घेते. हॉस्पिटलात व्यसनमुक्तीचा विभाग वरच्या मजल्यावर आहे आणि दातांचा माझा विभाग त्याच्या बरोबर खाली. वरची निम्मी माणसं माझ्या खुर्चीत येतातच. मला त्यांची कीव येत नाही, रागही येत नाही. मला त्यांचे दात दिसतात.

वायरमन मात्र माझा लाडका पेशंट. हे मी त्याला कधीच सांगत नाही, नाहीतर डोक्यावर बसेल. कारखान्यांतून रात्रपाळ्या करताना डोळा लागू नये म्हणून त्याने क्रिस्टल, म्हणजे मेथ नावाची नशा, ओढायला सुरुवात केली. पुढे कामाला हात चालावेत म्हणून, आणि शेवटी नुसतं अंथरुणातून उठता यावं म्हणून. असं दहा वर्षं चाललं. पहिल्यांदा आला तेव्हा पुढचे दात हिरडीपाशी काळे पडून मोडले होते, मागच्यांची खुंटं उरली होती. मेथने लाळ आटते, कोरड्या तोंडाला सतत गोड सरबतं लागतात, माणूस दात करकर खातो आणि घासायची शुद्ध राहत नाही. मग दात काय करणार? गालांवर आणि हातांवर खपल्या होत्या. कातडीखाली किडे चालतात असं वाटून त्याने स्वतःला ओरबाडलं होतं. एकदा तर शेजारी भिंतीतून आपलं बोलणं ऐकतात म्हणून त्याने बहिणीच्या घरातले सगळे स्विचबोर्ड उखडले होते. वायरमनच तो, उखडलेही अगदी व्यवस्थित.

हीच बहीण, बँकेतली कॅशियर, त्याला सांभाळते. आज सकाळी ती त्याला दंडाला धरूनच आत घेऊन आली आणि माझ्या टेबलावर रुमाल सोडला. आत, नशा सोडल्यावर मी त्याला बसवलेल्या वरच्या कवळीचे दोन तुकडे होते.

"उशीच्या अभ्र्यात लपवली होती," ती म्हणाली. "विचारलं तर म्हणतो, आठवत नाही. काल वर लघवीची तपासणी होती, तीही चुकवली. म्हणे विसरलो! डॉक्टर, तुम्हीच म्हणाला होतात ना, ते घेणारी माणसं दात खातात म्हणून? मग बघा, खाऊन कवळीच मोडली. आमच्या यांना मी सांगून आलेय, संध्याकाळी कुलूप बदलायचं. आता तुम्ही फक्त हो म्हणा."

वायरमन खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होता.

"मी हो म्हणायला नाही, बघायला बसलेय," मी म्हटलं. "आ कर रे."

ताईंचा राग मला कळत होता. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि ह्या बाईचं तोंड चांगलं दहा वर्षं पोळलेलं होतं.

मी छोटा आरसा त्याच्या गालाला आतून लावला आणि उचलला. तो अलगद सुटला. तोंड कोरडं असतं तर आरसा चिकटून बसला असता. खाली वाचवलेल्या सहा दातांवर नवीन कीड नव्हती. चेहऱ्यावर जुने डाग होते, ताजी खपली एकही नाही. मग मी कवळी दिव्याखाली धरली. दात खाणाऱ्याच्या कवळीच्या दाढा घासून सपाट आणि चकचकीत होतात. ह्याच्या दाढा मी दिल्या होत्या तशाच होत्या.

"दात खाऊन नाही मोडलेली," मी म्हटलं.

"मग दिवसभर लोळत का पडतो? हसत नाही, बोलत नाही. भाच्याने बक्षीस आणून दाखवलं, तर हा भिंतीकडे बघतोय! बाळ्या, ऐकतोस का? तुझ्याबद्दल बोलतेय मी."

"ऐकतोय, ताई," तो म्हणाला.

"ताई, जरा बसा," मी म्हटलं. "घेत होता तेव्हा लोळत होता का?"

"नाही. तेव्हा तीन-तीन दिवस झोपायचाच नाही. जेवायचा नाही. नुसता अंगावर यायचा."

"मग? मेंदूत आनंदाचं रसायन असतं, ते ह्या विषाने वर्षानुवर्षं पिळून काढलेलं असतं. सोडल्यावर माणसाला कशातच गोडी वाटत नाही. विसरतोही खूप. सुधारतं बरंचसं, पण महिनोन्महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. सोडल्याने असा पडून असू शकतो. म्हणून घेतलेलं नाहीच असं माझा आरसा सांगत नाही. ते लघवीची तपासणी सांगेल, आणि ती इथून उठल्या उठल्या करायची. पण जास्त मरगळला, जिवाचं बरंवाईट बोलायला लागला, तर थांबायचं नाही. वरच्या मानसोपचारवाल्यांना लगेच दाखवायचं."

"कवळी लपवली का पण?" ती मूळ मुद्दा सोडायला तयार नव्हती. माझ्यासारखीच आहे ती. नोट हातात आली की उजेडात धरल्याशिवाय गल्ल्यात टाकायची नाही.

प्रश्न बरोबर होता. मी तुकडे पुन्हा दिव्याखाली धरले. तडा पुढच्या दोन दातांमधून सरळ मागे गेला होता. म्हणजे जोर पुढून आला होता. आणि तड्याच्या चिमटीत काहीतरी अडकलं होतं. मी चिमट्याने ओढलं. लाल सालीची चिंधी निघाली.

"सफरचंद?" मी विचारलं.

वायरमनचे कान लाल झाले. चाळिशीचा बाप्या, पण शेजारच्या झाडावर दगड मारताना सापडल्यासारखा.

"पुढच्या दातांनी चावायचं नाही, फोडी करून मागच्या दातांनी खायचं, असं किती वेळा सांगितलं होतं मी?"

"खूप वेळा, मॅडम."

"मग?"

"विसरलो. म्हणजे... आठवायच्या आधीच चावलं."

"अरे मेल्या, मग तेच सांगायचं होतंस!" ताई ओरडली. "सफरचंदासाठी कोणी कवळी उशीत लपवतं?"

"कवळी मोडली म्हटलं असतं तर तू पहिल्यांदा काय समजली असतीस?" तो हळूच म्हणाला. "आणि आठवत नाही हे मी पूर्वी इतक्यांदा खोटं बोललोय, की दुसरं काही सुचलंच नाही."

मी तुकडे जोडायला प्रयोगशाळेत पाठवायच्या डब्यात टाकले आणि तपासणीची चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली.

तिने फोन काढला. "हं, मी बोलतेय," ती नवऱ्याला म्हणाली. "कुलूपवाल्याला नको म्हणा. नाही, तपासणी व्हायचीय अजून. रिपोर्ट काय येईल तो येवो, पण सफरचंद खाल्लं म्हणून मी भावाला रस्त्यावर काढणार नाही." फोन ठेवून तिने पदराने नाक पुसलं आणि त्याच्याकडे वळली.

"फोडी करून का नाही रे खाल्लंस? सुरी समोर होती की."

वायरमनने कवळीवाचून आत गेलेले ओठ दाबून थोडा विचार केला. आता त्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

"धीर नाही निघाला, ताई," तो म्हणाला. "किती दिवसांनी काहीतरी खावंसं वाटलं होतं."