दोघांचं वय एकच

सुंदररावांच्या घरातली सगळी अक्कल एकट्या सुंदररावांकडे आहे, अशी त्या घराची समजूत आहे. एकदा पंचायत समितीवर निवडून गेले, तेव्हापासून अख्ख्या चौसाळ्यात आपल्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही, असं ते स्वतःच सांगत फिरतात. मी बबिता, अंगणवाडी सेविका. लेकरांची वजनं करणं माझं काम. त्यामुळे असली मोठी माणसं मला जवळून बघावी लागतात.

त्यांना जुळी नातवंडं झाली. मुलाचं नाव राजवर्धन, लाडाने राजे. मुलीचं नाव मुक्ता, पण घरात तिला पोरगीच म्हणतात. दोघं सात महिन्यांची झाली तेव्हा सुंदररावांनी जीप काढून बीडहून डायपरचे खोके आणले. दुकानात त्यांनी फक्त वय सांगितलं. दुकानदाराने मीडियम दिले. पाकिटावर 'सात ते बारा किलो' असं ठळक छापलं होतं, पण छापील वाचायचं ते सुंदररावांनी फार पूर्वी सोडून दिलं आहे.

त्या महिन्यात मी काटा घेऊन गेले. राजे आठ किलो नऊशे. मुक्ता पाच किलो आठशे. आधीच्या महिन्यात ती सहा किलो शंभर होती. मी आकडा दोनदा तपासला.

"पोरगी सुकली कशानं?" मी विचारलं.

मंजुळाबाई, म्हणजे सुंदररावांच्या पत्नी, हसल्या. "सुकली न्हाई बाई, जरा आवरली. लई मुतायची. राजेचं डायपर रातभर कोरडं आन् हिच्या खाली गादी वली. मग मीच तिचं पाजणं कमी केलं. वरणाचं पाणीबी बंद. आत जाईल तवा भायेर यील ना!"

हे त्या अभिमानाने सांगत होत्या. मला त्या बाईची किळस आली. बाजूला सून वैष्णवी खाली मान घालून उभी होती. दूध तिचं, लेकरू तिचं, आणि पाजायची वेळ सासू ठरवणार. मुक्ताला रात्रीही मंजुळाबाई आपल्याच खोलीत झोपवत होत्या.

मी मुक्ताला पाटावर आडवं केलं. डायपरच्या कमरेच्या पट्ट्या एकमेकींवर चढवूनही पोटापाशी माझी तीन बोटं सहज जात होती. मांडीभोवती एवढी फट, की आत काही थांबणारच नाही. आणि जेवढं होतं तेही गडद पिवळं होतं.

"ही जास्त मुतत न्हाई," मी म्हणाले. "कमी मुततीय. उपाशी हाय ती. डायपर मोठं हाय म्हणून मांडीतून गळतंय. तुमी दूध तोडलं, ती बारीक झाली, फट आणखी वाढली. डायपर वजन बघून घ्या. हिला स्मॉल लागतं, चार ते आठ किलोचं. आन् आजपासून मागंल तेवढं पाजा. उद्या डॉक्टरलाबी दाखवा."

सुंदरराव मोबाईल बाजूला ठेवून म्हणाले, "अहो बाई, दोघांचं वय एकच हाय. एकाला एक आन् दुसऱ्याला दुसरं असतंय का कुठं?"

"वय न्हाई घालायचं डायपरमंदी," मी म्हणाले. "लेकरू घालायचंय."

त्यांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी वैष्णवी दोन्ही लेकरांना घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तेच सांगितलं, तेव्हा कुठे मुक्ताचं पाजणं सुरू झालं. सुंदररावांनी खोके परत नेले आणि सगळेच्या सगळे स्मॉल आणले. दोघांनाही. आपलं म्हणणं खरं करण्यासाठी माणूस किती खाली जाऊ शकतो, याला काही हिशेब नाही.

पंधरा दिवसांनी मी परत गेले तर दारात जीप चालू, मंजुळाबाईंच्या डोळ्यांत पाणी, सुंदरराव फोनवर ओरडत होते. राजेच्या मांड्यांवर लाल वळ उठले होते. कमरेच्या पट्ट्या समोर पोचत नव्हत्या, डायपर बेंबीच्या बरंच खाली थांबलं होतं आणि पोर किंचाळत होतं. बीडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं चाललं होतं. मुक्ता महिनाभर सुकत होती, तेव्हा ही जीप दारातच उभी होती.

मी राजेचं डायपर सोडलं. तो पाचव्या मिनिटाला गप झाला.

"लहान पडतंय त्याला," मी म्हणाले. "तो नऊ किलोचा हाय."

 मग वैष्णवी सासूकडे वळून बोलली. त्या घरात मी तिचा आवाज पहिल्यांदाच एवढा स्पष्ट ऐकला.

"मंग आत्याबाई, ह्याचंबी दूध कमी करू का? बारीक झाला की बसंल ह्यात."

मंजुळाबाईंनी कडेवरची मुक्ता सावरली. सुंदररावांनी फोन बंद केला आणि जमिनीवरचं पाकीट उचलून त्यावरचे आकडे वाचायला लागले.

वैष्णवीने सासूच्या कडेवरून मुक्ताला काढून घेतलं, तिथेच ओसरीवर मांडी घातली आणि सगळ्यांच्या देखत आधी तिला पाजलं.